ठिणगी उशिरा द्यायची

पौडच्या एका मिस्त्रींचा हात माझ्यामुळे मोडला. ही गोष्ट त्या वेळच्या माणसांखेरीज मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

त्या वेळी मी पुण्यात एका तंत्रशाळेत मोटारीच्या इंजिनांचा विषय शिकवत असे. वय सत्तावीस. फळ्यावर आकृत्या छान काढायचो. दर शनिवारी दुपारी एसटी पकडून पौडला जायचो, कारण पेठेच्या टोकाला त्या मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि माझी मुलं तिथं कामाचा अनुभव घ्यायला जात. आधी मुलांची हजेरी बघायला जायचो, नंतर स्वतःसाठीच जाऊ लागलो. मिस्त्री पन्नाशीचे, ठेंगणे, बोलणं थोडं. वडिलांच्या काळापासून घरात हत्यारं. जीप, ट्रॅक्टर, विहिरीवरची डिझेल इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करायचे. बंद इंजिनाला ते लांब स्क्रूड्रायव्हर लावत, त्याची मूठ कानाला टेकवत आणि कुणाला तरी इंजिन हाताने फिरवायला सांगत. बहुतेक वेळा तेवढ्यावर रोग सांगत.

भुकूमला एका पुण्याच्या वकिलांची आमराई होती. तिथल्या गोठ्याशेजारच्या पडवीत एक मोटार पडून होती. मुळशीचं धरण बांधायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरची ती गाडी. काम संपल्यावर तिचा लिलाव झाला आणि वकिलांच्या वडिलांनी ती घेतली. तेव्हाच ती जुनी झालेली होती. आता मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि ही गाडी स्वतःच्या चाकांवर तिथं फिरावी अशी वकिलांची इच्छा होती. त्यांनी काम मिस्त्रींना दिलं. मिस्त्रींनी मला सांगितलं, की तिच्यात एकच सिलिंडर आहे आणि असलं काही त्यांनी आजवर उघडलेलं नाही, तेव्हा सरांनी पुस्तकं घेऊन यावं.

मी पुस्तकं घेऊन गेलो. पडवीत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती मला घोडा सोडून ठेवलेल्या टांग्यासारखी वाटली. बारीक आरांची चाकं, उंच बैठक, पितळी दिवे. पिस्टन गंजून सिलिंडरला धरला होता. आम्ही प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतलं, आठवडाभर मुरू दिलं, मग मिस्त्रींनी लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत तो सोडवला. जोर लावला असता तर काहीतरी तुटलं असतं.

इंजिन खोलून मांडल्यावर मी त्यांना ते समजावून सांगितलं. जीप आणि डिझेल इंजिनं त्यांच्या हाताला पाठ होती, पण आत काय चालतं हे असं एकेक पायरीने त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर येताना ती दाबतो. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर फेकतो. मिस्त्री म्हणाले, म्हणजे चार फेऱ्यांत कमाई एकाच फेरीची, उरलेल्या तीन फेऱ्या त्या कमाईवर बसून खाणाऱ्या. मी म्हणालो, हो, आणि ती कमाई साठवायला म्हणून एवढं जड चाक लावलंय. जिथं चार सिलिंडर असतात तिथं कुणी ना कुणी कमावतच असतं. इथं कमावता एकटा.

धूर बाहेर जायचा व्हॉल्व्ह उघडायला दांडा होता, पण आत ओढायच्या व्हॉल्व्हला काहीच नव्हतं. नुसती एक स्प्रिंग. पिस्टन खाली गेला की आत पोकळी होते, तिच्या ओढीनेच तो व्हॉल्व्ह उघडायचा. त्याची जुनी स्प्रिंग गंजून तुटली होती. मिस्त्रींनी एका पंपाच्या इंजिनातली त्याच मापाची स्प्रिंग बसवली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ठिणगीसाठी लाकडी पेटीत एक कॉइल होती. तिच्यावर पोलादाची एक पातळ पट्टी. बॅटरी जोडली की ती पट्टी थरथरायची, भुंग्यासारखा आवाज यायचा आणि प्लगवर ठिणग्यांची रांग लागायची. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे चालवणाऱ्याने ठरवायचं. त्यासाठी स्टिअरिंगखाली एक छोटी दांडी होती. दांडीच्या दोन टोकांना काहीतरी कोरलेलं असणार, पण हात फिरून फिरून पितळ गुळगुळीत झालं होतं.

एका शनिवारी आम्ही गाडी सुरू करायला गेलो. वकील स्वतः खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्रींनी समोरून हँडल घातलं आणि फिरवलं. एकदा, पाचदा, दहादा. इंजिन नुसतं फसफसे. मिस्त्रींचा सदरा घामाने पाठीला चिकटला. दांडी अलीकडच्या टोकाला होती. मी मनात हिशेब केला. आग लागल्यावर ती सगळ्या सिलिंडरभर पसरायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या आधीच ठिणगी द्यावी लागते. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवत होतो. मी मिस्त्रींना तसं सांगितलं आणि दांडी पलीकडच्या टोकाला सरकवली.

हे खरंच आहे, पण ते पळत्या इंजिनाचं. हाताने फिरवताना इंजिन इतकं संथ असतं, की आग आधीच पूर्ण पसरते आणि अजून वर येत असलेल्या पिस्टनला भडका उलटा खाली ढकलतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. मिस्त्रींनी हँडल वर ओढलं, एक मोठा आवाज झाला आणि हँडल त्यांच्या हातात उलटं फिरलं. ते ओरडले नाहीत. मनगट दुसऱ्या हातात धरून हळूच खाली बसले.

वकील उठून उभे राहिले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्रीच म्हणाले, "माजा हात सटकला, साहेब. दुसरं काय न्हाई."

एक वाक्य बोलायचं होतं आणि मी बोललो नाही.

पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनगट चाचपून पाहिलं आणि विचारलं, हँडल मारताना झालं का? आम्ही चकित झालो. ते म्हणाले, अंगठ्याच्या बाजूचं हाड हे असं मोडलं तर आमच्या पुस्तकात त्याला ड्रायव्हरची मोड म्हणतात. कॉलेजात पाठ केली होती, रुग्णाच्या हातात आज पहिल्यांदा बघतोय. मग त्यांनी प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे हत्याराला हात लावायचा नाही असं बजावलं.

वकिलांचा निरोप दोन दिवसांनी आला. गाडी ते मुंबईच्या वर्कशॉपला पाठवणार होते. मिस्त्री प्लॅस्टरचा हात गळ्यात घेऊन एसटीने पुण्याला त्यांच्या घरी गेले आणि महिनाभराची मुदत मागून आले. मला बोलावून म्हणाले, हात तुमचे, डोकं माझं. शाळेला सुट्टी लागली होती. मी रोज सकाळच्या गाडीने जाऊ लागलो.

त्या महिन्यात मी मिस्त्रींचा हात झालो. त्यांच्या पत्नी मला दुपारी जेवायला बसवत. मिस्त्रींना डाव्या हाताने भाकरी मोडता येत नसे, म्हणून त्या ती आधीच कुस्करून ठेवत आणि पाठ फिरवून भांडी लावत बसत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "सर, ह्या गाडीत काय हाय एवढं? शेजारी एसटीचा डेपो हाय, जीपगाड्या हायेत. हीच का लागून राहिलीया ह्यांना?" मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, ही सगळ्या गाड्यांची आजी आहे, तिचं दुखणं कळलं तर नातवंडांचं कळेल.

हँडलने हात मोडल्याची बातमी गावात फिरली होती. एका सकाळी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ गॅरेजात आले. खूप उंच, डोक्याला पांढरा पटका, सदऱ्याच्या खिशावर निळा बिल्ला. मिस्त्री उठून उभे राहिले आणि त्यांना जयभीम आबा म्हणाले. आबांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ते पौडच्या बौद्धवाड्यात मुलाकडे राहत. त्यांनी मिस्त्रींचा हात निरखून पाहिला आणि विचारलं, गाडी पितळी दिव्यांची का? मिस्त्री हो म्हणाले. आबा म्हणाले, ती मी पुसायचो.

त्यांना बसायला बाक दिला आणि चहा आला. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं.

लहानपणी ते मुंबईला मामाकडे होते. मामा एका शेठाणीच्या तबेल्यात कामाला. शेठाणीकडे विजेची बग्गी होती. ना आवाज, ना धूर, ना हँडल. गादीवर बसायचं, दांडी ढकलली की निघाली. मामाचं काम तिच्या बॅटऱ्यांत पाणी भरायचं आणि रात्रभर त्या विजेला लावून ठेवायचं. आबा म्हणाले, घोडा दाणा खाऊन तासाभरात उठतो, ह्या बॅटऱ्यांचं पोट रात्रभर भरायचं. आणि वजन एवढं, की अर्धी गाडी बॅटऱ्यांनाच वाहून न्यायची. शहरातल्या शहरात झकास. एकदा शेठाणीला घाटाच्या पायथ्याशी असलेल्या नातलगांकडे जायचं होतं. परतताना वाटेतच बग्गी थांबली. तिथं वीज कुठली? बैल जोडून आणली.

मोठे झाल्यावर ते धरणाच्या कामावर लागले. दगड वाहायला तिथं वाफेची लॉरी होती. आबा तिच्यावर आगवाले. पहाटे उठून भट्टी पेटवायची, तासाभराने वाफ चढायची, मग लॉरी हलायची. पण हलली म्हणजे काय हलायची! वाफ थांबलेल्या जागेवरूनच रेटते. गियर नको, क्लच नको, हँडल नको. लादलेली लॉरी चढावर उभी करा आणि पुन्हा सोडा, तशीच चालू लागायची. आबांचा आवाज त्या वेळी बदलला. मग लढाईवरून परत आलेल्या पेट्रोलच्या लॉऱ्या तिथं आल्या. धडधड करणाऱ्या, धूर ओकणाऱ्या, गियर बदलताना किंचाळणाऱ्या. दोन महिन्यांत वाफेची लॉरी बाजूला उभी राहिली.

"मास्तर, पन्नास वर्सं झाली, एक इचारायचं हाय," ते मला म्हणाले. "आमची लॉरी तिच्यापरीस ताकदवान व्हती. मंग तिला का काढली?"

मी शिक्षकासारखं उत्तर द्यायला लागलो. वाफेला कोळसा लागतो आणि पाणी लागतं, वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागतं. आबा म्हणाले, उन्हाळ्यात ओढे आटायचे, तेव्हा पाण्यासाठी लॉरीच्या पुढं बैलगाडी धाडायला लागायची. मी म्हणालो, पेट्रोलच्या एका डब्यात जेवढी ताकद मावते, तेवढी ताकद बॅटरीत भरायची तर बॅटऱ्यांची गाडी भरून न्यावी लागेल. डबा दुकानात मिळतो, बैलगाडीतून कुठंही नेता येतो. इंजिन वाईटच होतं. आपणहून सुरू होत नाही, संथ चालीला ताकद नाही, म्हणून गियर लावावे लागतात. पण वाईट इंजिन सुधारत नेता येतं. एकाचे चार सिलिंडर झाले, ओढीने उघडणाऱ्या व्हॉल्व्हला दांडा आला, आणि अमेरिकेत त्या गाड्या इतक्या एकसारख्या आणि इतक्या स्वस्त निघू लागल्या, की बाकीच्यांना परवडेना. वाफेच्या गाड्यासुद्धा पुढं मिनिटभरात सुरू होऊ लागल्या होत्या, पण त्या फार महाग होत्या आणि तोवर उशीर झाला होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "वाफंच्या लॉरीवर दोन मानसं लागायची. एक चालवायला, एक आगीला. पेट्रोलच्या लॉरीला एकच. त्यो दुसरा मी व्हतो."

माझ्या यादीत हे कारण नव्हतं. खरं तर ते सगळ्यात सोपं होतं.

लॉरी गेल्यावर धरणावरच्या त्या गोऱ्या साहेबाने त्यांना ही गाडी पुसायला ठेवलं. हँडलही तेच मारायचे. मिस्त्रींनी विचारलं, आबा, दांडी कुठं ठेवायची? आबांनी उत्तर द्यायच्या आधी मिस्त्रींच्या प्लॅस्टरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटतं त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. "सुरू करताना ठिनगी उशिरा द्यायची," ते म्हणाले. "पळाया लागली की लवकर. आन् अंगठा हँडलवर गुंडाळायचा न्हाई. चारी बोटांच्या बाजूलाच ठिवायचा. उलटं आलं तर हात सुटतो."

दुसऱ्या दिवशी एका जीपमधून आम्ही त्यांना भुकूमला नेलं. मी दांडी अलीकडे ठेवून सावकाश हँडल फिरवलं. आबा पुढच्या बाजूला कान लावून उभे होते. ते म्हणाले, गाडी पीत नाही. आत घेताना घोट घेतल्यासारखा आवाज यायला हवा, तो येत नाही. मिस्त्रींनी डोळे मिटले. मग मला म्हणाले, चूक माझी आहे. पंपाच्या इंजिनात व्हॉल्व्ह दांड्याने उघडतो, तिथं स्प्रिंग कडक चालते. इथं तो नुसत्या ओढीने उघडायचा. मी दार जाड साखळीने बांधून ठेवलं आणि पाहुण्याला आत ये म्हणतोय.

म्हणून त्या दिवशी इंजिन दहा वेळा फसफसलं होतं. पोटात पुरेसं जातच नव्हतं. आणि एकदा कसंबसं गेलं, तेव्हा मी ठिणगी लवकर दिली होती.

हलकी स्प्रिंग बाजारात मिळेना. मिस्त्रींनी मला पोलादाची बारीक तार आणायला लावली आणि खिळ्यावर गुंडाळून स्प्रिंग करायला शिकवली. पहिली फार ढिली झाली, दुसरी वाकडी, तिसरी व्हॉल्व्हवर बसवली तर तो मिटेचना. चौथी मिस्त्रींनी डाव्या हाताच्या दोन बोटांत दाबून पाहिली, पुन्हा दाबली आणि मान हलवली.

गाडी सुरू करायच्या दिवशी वकील पुन्हा त्याच खुर्चीवर होते. हँडलला हात घालण्याआधी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, की त्या दिवशी मिस्त्रींचा हात सटकला नव्हता, दांडी मी चुकीच्या टोकाला नेली होती. वकिलांनी दांडीकडे पाहिलं. मग म्हणाले, आज कुठल्या टोकाला आहे? मी सांगितलं. ते म्हणाले, मग मारा हँडल.

मिस्त्री मात्र माझ्यावर नाराज झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कशाला सांगितलं? तवा खरं सांगितलं असतं तर साहेबांनी तुमाला गाडीजवळ फिरकू दिलं नसतं. मला तुमची पुस्तकं लागत व्हती." तोवर मला वाटत होतं की त्यांनी दयेने माझी चूक झाकली. त्यांनी माझा उपयोग पाहिला होता. ते ऐकून मला का कोण जाणे, हलकं वाटलं.

मी अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हँडल वर ओढलं. पहिल्यांदा एक घोट ऐकू आला, अगदी स्पष्ट. तिसऱ्या फेरीला इंजिनाने धरलं. धड... धड... धड... अख्खी गाडी प्रत्येक ठोक्याला उडत होती. मिस्त्रींनी डाव्या हाताने हळूहळू दांडी पलीकडे नेली आणि ठोके जवळ जवळ येऊन एकमेकांत मिसळले. पितळी दिव्यांच्या काचा थरथरत होत्या. आमराईतले कावळे उडाले. वकिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, वडील गेल्यापासून हा आवाज ऐकला नव्हता.

आम्ही पिरंगुटच्या घाटाकडे चक्कर मारायचं ठरवलं. वकील स्टिअरिंगवर, शेजारी आबा, मागच्या पेटीवर मी आणि मिस्त्री. सपाटीवर गाडी छान पळाली. चढ लागला तसे ठोके पुन्हा एकेक मोजता येऊ लागले. वाटेतले लोक थांबून बघत होते. पिरंगुटकडून उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. अर्ध्या चढावर आबांनी वकिलांच्या खांद्याला हात लावला, गाडी चालत असतानाच काठी टेकून खाली उतरले आणि शेजारून चालू लागले. गाडीचं ओझं कमी व्हावं म्हणून मी आणि मिस्त्रीही उतरलो. मी आबांना विचारलं, शेठाणीची बग्गी किंवा तुमची वाफेची लॉरी इथं असती तर? आबा म्हणाले, बग्गी पायथ्यालाच राहिली असती. लॉरी वर गेली असती, पण आम्ही अजून भुकूमातच वाफ चढायची वाट बघत बसलो असतो.

थोडं चालून त्यांनी विचारलं, मग हल्लीच्या गाड्यांना हँडल का नसतं? मी सांगितलं, की आता किल्ली फिरवली की एक छोटी विजेची मोटर इंजिन फिरवते. हँडलने माणसांचे हात मोडायचे, जीवही जायचे, म्हणून ती बसवली. त्यानंतर पेट्रोलची गाडी कुणीही सुरू करू शकलं आणि विजेच्या गाडीचं उरलंसुरलं मोठेपण गेलं.

आबा हसले. "म्हंजी बग्गीची मोटर ह्याच गाडीच्या पोटात कामाला लागली," ते म्हणाले. "माज्यावानीच झालं की तिचं."

गाडी मुंबईच्या प्रदर्शनात फिरली. वकिलांनी तिच्यासोबत मिस्त्रींना नेलं आणि हँडल मारायला मला. आबांची तब्येत तेव्हा बरी नव्हती, ते आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मिस्त्रींचं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं पुरतं फिरेना. पान्याने नट घट्ट करतानाचा शेवटचा पीळ ते डाव्या हाताने देऊ लागले आणि वर्षभरात त्याच हाताने सगळं करायला शिकले. मी त्यांना दर वर्षी एकदा तंत्रशाळेत बोलवायचो. ते मुलांसमोर उभे राहून फार बोलत नसत. बाकावर एक व्हॉल्व्ह ठेवत, सोबत दोन स्प्रिंगा ठेवत, एक कडक आणि एक हलकी, आणि प्रत्येकाला दोन्ही बोटांनी दाबून बघायला सांगत.